गेट, ग्रिल आणि कंपाउंडचा रंग: इंदूरच्या धुळीत आणि पावसात कोणता टिकतो?

अनघा_सुदामानगर

नमस्कार मंडळी. आमचं घर सुदामा नगरात आहे, पश्चिममुखी. समोरचा रस्ता सिमेंटचा झाला, पण रस्ता आणि आमची भिंत यांच्या मधली पट्टी अजून काळ्या मातीचीच आहे. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू असल्यामुळे दिवसभर डंपर जातात. कंपाउंडची भिंत गेट सोडून ३० फूट लांब आणि ५ फूट उंच आहे. गेट १० फुटी, दोन पल्ल्यांचं, पत्र्याचं. खिडक्यांना चौरस सळीची ग्रिल.

सगळं नव्याने रंगवायचं आहे. मुलांना कोळशासारखा गडद करडा गेट-ग्रिलला आणि पांढरी शुभ्र भिंत हवी आहे, हल्ली बायपासच्या नव्या कॉलन्यांमध्ये असते तशी. दिसायला छानच दिसतं. पण तिथेच माझ्या मावसबहिणीचं घर आहे. एका पावसाळ्यात भिंतीचा खालचा भाग काळपट झाला आणि गेटवर उन्हाळाभर पिठासारखी धूळ दिसते. रंग महागातला होता, तरी. मग चूक रंगाच्या निवडीत आहे की कामात? असा कोणता रंग आहे का, जो चार-पाच वर्षांनीही बरा दिसेल?

मिलिंद स.

अनघाताई, सरळ गणित आहे. धूळ लपवायची तर गडद रंग नको, गंज लपवायचा तर फिका नको. म्हणून गेट आणि ग्रिलला चॉकलेटी द्या. आमच्याकडे स्नेहलतागंजच्या जुन्या घरापासून चॉकलेटीच आहे. गंज आला तरी कळत नाही. आणि फिनिश मॅट घ्या, चकचकीत रंगावर प्रत्येक डाग उठून दिसतो. भिंतीला टेक्स्चर करून टाका, त्यात काहीच दिसत नाही.

नीलाताई

पश्चिममुखी घर असेल तर गेटला काळ्याच्या जवळचा रंग देऊ नये असं आमचे गुरुजी म्हणतात. पिवळा किंवा केशरी शुभ. आमच्या हॉलला आम्ही फिका पिवळा दिला आहे, सहा वर्षं झाली, अगदी काल दिल्यासारखा आहे.

अनघा_सुदामानगर

नीलाताई, धन्यवाद, पण मी बाहेरच्या भिंतीचं विचारते आहे. हॉलमध्ये ऊन-पाऊस येत नाही ना.

लोखंडवाले काका

मी बरीच वर्षं गेट-ग्रिलचं काम केलं आहे, आता मुलगा बघतो. अनघा, तुझ्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे, फक्त ते दोन भागांत बघायला हवं.

आपली माळव्याची माती ओली असताना काळी दिसते, पण वाळून उडाली की तिची धूळ फिकी, मातकट करडी होते. म्हणजे एकच माती तुझ्या घराला दोन वेगवेगळ्या रंगांनी डाग लावते. पावसात ती भिंतीच्या तळाशी काळी होऊन उडते, उन्हाळ्यात गेटवर फिकी होऊन बसते. बहिणीकडे नेमकं उलटं रंगवलं. जिथे काळा शिंतोडा येणार तिथे पांढरा, जिथे फिकी धूळ बसणार तिथे काळपट. रंग कितीही महागाचा असला तरी हे दिसणारच.

म्हणून भिंत खाली गडद आणि वर मध्यम फिकी असावी, आणि गेट ना काळं ना पांढरं, मधल्या छटेचं. नेमकी छटा शोधायची सोपी रीत सांगतो. खिडकीच्या बाहेरच्या पट्टीवर साचलेली धूळ चमचाभर घे. अर्धी पांढऱ्या कागदावर कोरडीच पसर, उरलेली पाण्यात कालवून दुसऱ्या कागदावर फास आणि वाळू दे. दोन्ही कागद घेऊन रंगाच्या दुकानात जा. शेड कार्डावर कोरड्या धुळीच्या जवळपासची, तिच्याहून थोडी गडद छटा गेटला. चिखलाच्या डागाजवळची छटा भिंतीच्या खालच्या पट्ट्याला. दुकानातल्या दिव्यात ठरवू नकोस, कार्ड बाहेर उन्हात आणून बघ.

मिलिंद, चॉकलेटीबद्दल तुझं अर्धं खरं आहे. गंज दिसत नाही, पण थांबतही नाही. त्यावर रात्री सविस्तर लिहितो.

ग्वाल्हेरकर

काकांची कागदाची युक्ती फार आवडली. फक्त ग्वाल्हेरवाल्यांनी इंदूरची छटा उचलू नये. आमच्याकडची धूळ पिवळसर असते, मे महिन्यात लू चालते तेव्हा तर आकाशच पिवळं दिसतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या गल्लीत ज्यांनी थंड करडा दिला, त्यांची गेटं दोन महिन्यांत मळकी दिसायला लागली. ज्यांनी वाळूच्या दगडासारखा उबदार पिवळट-भुरका दिला त्यांची बरी दिसतात.

लोखंडवाले काका

ग्वाल्हेरकर, अगदी बरोबर. करड्यातही निळसर करडा आणि मातकट करडा वेगळे. निळसर करड्यावर कुठलीही माती घाण दिसते.

आता ग्रिलचं. गंज सळीच्या मधून कधी सुरू होत नाही. तो तीन जागी सुरू होतो: वेल्डिंगच्या टाक्यावर, खालच्या आडव्या पट्टीवर जिथे पाणी थांबतं, आणि सळीचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे. टाक्यावर वेल्डिंगची राख तशीच राहिलेली असते. त्यावर रंग बसतो खरा, पण ती राख निघाली की रंगही निघतो आणि उघडं लोखंड राहतं. दुसरं म्हणजे सळीच्या धारेवरून ओला रंग मागे सरकतो, म्हणून कडेवर थर सगळ्यात पातळ असतो. कारागिराला सांगायचं की आधी फक्त कडा आणि टाके यांवर ब्रशने एक हात मारून घे, तो वाळला की मग पूर्ण ग्रिल. एवढ्या एका कामाने दोन पावसाळे जास्त निघतात.

आणि फॅब्रिकेटरकडून जी ग्रिल लाल ऑक्साइड मारून येते, त्या लालीवर विसंबू नका. माझ्या धंद्यातल्यांना राग येईल, पण बऱ्याच ठिकाणी तो प्रायमर थिनर ओतून पाण्यासारखा केलेला असतो आणि गंजावरच मारलेला असतो. नखाने खरवडून बघा. खाली काळसर पापुद्रा किंवा तपकिरी भुकटी निघाली तर तारेचा ब्रश आणि रेगमाल घेऊन पुन्हा सुरुवात. चांगला प्रायमरही नुसता ठेवला तर ओल आत घेतो. चार-सहा दिवसांत त्यावर रंगाचा हात पडलाच पाहिजे. गणपतीपर्यंत लाल ग्रिल तशीच उभी असते आणि मग लोक रंगाला दोष देतात.

चॉकलेटीत तोटा हा की टाक्यावरचा गंज तुम्हाला दिसत नाही आणि थेट खिडकीखालच्या भिंतीवर तपकिरी ओघळ दिसतो. तोवर आत बरंच खाल्लेलं असतं. मध्यम मातकट करड्यावर गंजाचा ठिपका मुगाएवढा असतानाच दिसतो. तेवढाच घासून, प्रायमर लावून, हात मारला की काम संपलं.

मिलिंद स.

काका, पटतंय पण पूर्ण नाही. सगळ्यांना दर वर्षी ग्रिल तपासायला वेळ नसतो. आई-वडील एकटे राहतात अशा घरात ठिपके दिसत राहिले तर त्यांना रोज खटकतं आणि करणारं कोणी नसतं. तिथे चॉकलेटीच बरा. आमची ग्रिल तीस वर्षांची आहे आणि उभी आहे.

लोखंडवाले काका

तुमची ग्रिल तीस वर्षं उभी आहे कारण त्या काळात सळी भरीव आणि जाड होती. आता पोकळ चौकोनी पाइप वापरतात, तो आतून खातो. त्यात गंज लपवणारा रंग मी तरी सुचवणार नाही. पण घर सांभाळायला माणूस नसेल तर तुझं म्हणणं मी खोडून काढत नाही.

केदार (रंगाचं दुकान)

मी राजेंद्र नगरात दुकान चालवतो, रंगाचं मशीन आमच्याकडे आहे, त्यामुळे दोन गोष्टी दुकानाच्या बाजूने.

एक, कोणता रंग उन्हात उडतो. पिवळी माती, गेरू, तपकिरी, काळा यांतलं रंगद्रव्य बहुधा लोखंडाच्या ऑक्साइडचं असतं. ते ऊन, पाऊस आणि प्लास्टरचा चुना तिन्ही सोसतं. झगझगीत लाल, लिंबू पिवळा, जांभळा, गुलाबी यांतलं द्रव्य बहुधा सेंद्रिय असतं आणि पश्चिमेच्या उन्हात लवकर विटतं. म्हणून ताई, तुम्ही मातकट रंगाकडे गेलात तर तो टिकायलाही सोपा. शेड कार्डावर काही छटांखाली फक्त आतल्या भिंतीसाठी अशी खूण असते, ती बघूनच छटा निवडा. नीलाताई, केशरी हवाच असेल तर गेरूकडे झुकणारा घ्या, संत्र्याकडे झुकणारा नको.

दुसरी, मॅट आणि टेक्स्चर. मिलिंदभाऊ, कोऱ्या भिंतीवर टेक्स्चरमध्ये खरंच काही दिसत नाही, पण त्याच्या प्रत्येक खड्ड्यात धूळ बसते आणि पाऊस ती धुऊन नेऊ शकत नाही. दोन वर्षांनी पूर्ण भिंत एकसारखी काळवंडते. रस्त्याकडच्या कंपाउंडला गुळगुळीत प्लास्टर आणि हलकी चमक असलेला बाहेरचा इमल्शन द्या, पहिल्या सरीत निम्मी धूळ खाली येते. पाणी अडवणारा जाड रबरी थराचा रंगही लोक कंपाउंडला मारून घेतात. तो भेगांवर चांगला, पण उन्हात थोडा मऊ पडतो आणि धूळ धरून ठेवतो.

गेटला मात्र मी मॅट विरुद्ध ग्लॉस या वादात मधला सॅटिन देतो.

लोखंडवाले काका

गेटला मी ग्लॉसच देईन. पाणी टिकत नाही, फडक्याने एका हातात पुसलं जातं.

केदार (रंगाचं दुकान)

काका, ग्लॉस दोन-तीन उन्हाळ्यांत पश्चिमेकडे फिका पडतो आणि तो फरक उठून दिसतो. हात फिरवला की तळव्याला पांढरट भुकटी लागते. सॅटिनवर तीच भुकटी येते, पण नजरेत कमी भरते.

बडोद्याची स्वाती

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं होतं. कंपाउंडवर कमरेएवढ्या उंचीवर त्या पाण्याची तपकिरी रेघ राहिली. ठेकेदाराने त्यावर दोन हात फिका क्रीम मारला आणि पुढच्या पावसाळ्यात रेघ पुन्हा वर आली, शिवाय खाली पांढरी भुकटी फुटते. आता त्यावर गडद रंग मारला की झाकेल का?

केदार (रंगाचं दुकान)

स्वातीताई, गडद रंगाने रेघ झाकेल, पण भुकटी अजून जास्त दिसेल. ती क्षाराची आहे, भिंतीतल्या पाण्याबरोबर बाहेर येऊन पृष्ठभागावर वाळते. आधी कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतली तर तो क्षार विरघळून परत आत जातो. सुटलेला रंग प्लास्टरपर्यंत खरवडा आणि भिंत उन्हाळाभर उघडी वाळू द्या. ओल गेली का हे बघायला संध्याकाळी हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून दव आलं असेल तर रंगवायची घाई नको. कोरडी झाल्यावर रेघेच्या पट्ट्यावर डाग अडवणारा तेलकट प्रायमर आणि मग इमल्शन. भिंतीच्या मागे माती भरलेली असेल तर मात्र कोणताच रंग पुरणार नाही.

बडोद्याची स्वाती

मागे बाग आहे, दीड फूट माती भिंतीला टेकून आहे. आता कळलं.

अनघा_सुदामानगर

सगळ्यांचे आभार. काल काकांनी सांगितलं तसं केलं. कोरडी धूळ कागदावर चक्क फिकट खाकी दिसली आणि चिखलाचा कागद काळपट तपकिरी. मुलंसुद्धा बघत बसली. कोळशाचा हट्ट थोडा कमी झाला आहे.

पण एक राहिलं. भिंतीच्या वरच्या कडेपासून खाली काळे ओघळ येतात, ते तर मातीचे नाहीत. तिथे कोणती छटा?

लोखंडवाले काका

ते ओघळ छटेने जाणार नाहीत. भिंतीच्या माथ्यावर धूळ साचते, पावसात ती ओघळते आणि त्याच ओल्या वाटेवर काळं शेवाळ धरतं. माथा सपाट असेल तर हे होतच राहणार. माथ्यावर कोटा दगडाची पट्टी बसवून घे. भिंत साधारण ५ इंची असेल तर पट्टी ९ इंची घ्यायची, म्हणजे दोन्ही बाजूंना जवळजवळ २ इंच बाहेर येते. उतार आतल्या बाजूला द्यायचा. पट्टीच्या खालच्या बाजूला, कडेपासून अर्ध्या इंचावर, कटरने एक खाच मारून घे. पाणी त्या खाचेशी येऊन थेंब होऊन पडतं, भिंतीवर चढत नाही. ही खाच बरेच मिस्त्री विसरतात, आणि खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाखालून वळून परत भिंतीवरच येतं.

जुनं शेवाळ आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारून, घासून, धुऊन, पूर्ण वाळू द्यायचं. नुसतं रंगाखाली झाकलं तर पुढच्या श्रावणात त्याच जागी परत येईल.

तुझ्या घराचा हिशेब असा मांडतो. भिंतीला बाहेरून तळाशी २ फुटांचा गडद पट्टा, कारण उघड्या मातीवरून शिंतोडा साधारण गुडघ्याच्या वरपर्यंत येतो. ३० फूट गुणिले २, म्हणजे ६० चौरस फूट. वरचे ३ फूट बाहेरून ९०, आणि आतली पूर्ण बाजू १५०, मिळून २४० चौरस फूट. बाहेरच्या इमल्शनचे दोन हात लिटरमागे ढोबळ ५० चौरस फूट निघतात, म्हणजे वरच्या छटेचे ५ लिटर आणि पट्ट्याचे सव्वा ते दीड लिटर. गेट ५ फूट उंच धरलं तर दोन्ही बाजू मिळून १०० चौरस फूट, त्याला एनॅमल २ लिटर. पट्ट्याच्या रंगाचा अर्धा लिटर जास्तच घे, दर दोन वर्षांनी तेवढाच पट्टा परत मारला की भिंत नवी दिसते. खर्च परवडत असेल तर पट्ट्याच्या जागी कोटा दगडच लाव, मग रंगाचा प्रश्नच नाही. आणि त्या मातीच्या पट्टीवर भिंतीपासून दोन फूट खडी पसरलीस तर शिंतोडा निम्म्यावर येईल.

केदार (रंगाचं दुकान)

काकांच्या हिशेबात प्राइमर धरा: भिंतीला बाहेरचा प्रायमर, गेट आणि ग्रिलला मिळून २ लिटर मेटलचा. आणि गेटचा पत्रा साधा आहे की जस्ताचा, हे आधी बघा. जस्ताच्या पत्र्यावर किंवा पाइपवर थेट तेलरंग दिला तर तो वर्षभरात सालीसारखा सुटतो. जस्त आणि तेलरंग यांचं जमत नाही, मधे त्यासाठीचाच वेगळा प्रायमर लागतो.

अनघा_सुदामानगर

कसं ओळखू?

केदार (रंगाचं दुकान)

आतल्या कोपऱ्यात थोडा रंग खरवडा. जस्ताचा असेल तर खाली रुपेरी-करडा दिसतो, गंज जवळजवळ नसतो. साधा असेल तर कुठेतरी तपकिरी सापडतोच.

लोखंडवाले काका

खरवडलंसच तर पल्ल्याची खालची घडीही बघ. पत्रा जिथे दुमडून पट्टीत घातला आहे तिथे पाणी साचतं आणि गेट आतून सडतं. रंगवायच्या आधी त्या घडीला खालून दर फुटावर एक बारीक भोक पाडून घे, पाणी निघून जाईल.

मिलिंद स.

गेट धुण्याबद्दल पण सांगा कोणी. आमच्या चॉकलेटी गेटवर बोरिंगच्या पाण्याचे पांढरे ठिपके पडलेत, आता जातच नाहीत.

लोखंडवाले काका

बोरिंगचं पाणी जड, उन्हात वाळलं की चुना मागे राहतो. गडद गेट दुपारी पाइपने धुवायचंच नाही. सकाळी ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं, शक्य असेल तर नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याने. पडलेल्या ठिपक्यांवर पाणी मिसळलेलं पांढरं व्हिनेगर फडक्याने लावून लगेच धुऊन टाक. आधी आतल्या बाजूला लावून बघ, जुना रंग असेल तर चमक जाऊ शकते.

अनघा_सुदामानगर

घरात ठरलं ते सांगते. भिंत वर फिकी खाकी, खाली चिखलाच्या कागदाशी जुळणारा काळपट तपकिरी. ग्रिल आणि गेट मातकट करडे, कोरड्या धुळीहून दोन छटा गडद. मुलांचा कोळसा फक्त नावाच्या पाटीला आणि गेटच्या हँडलला. ग्लॉस की सॅटिन, यावर काका आणि केदार यांचं एकमत होईपर्यंत मी थांबत नाही. एक पल्ला ग्लॉस, एक सॅटिन करून बघू का?

केदार (रंगाचं दुकान)

करा ना, पण एकाच छटेत, एकाच कंपनीचा आणि एकाच दिवशी. नाहीतर फरक चमकेचा की रंगाचा ते कळणार नाही. दोन वर्षांनी फोटो टाका, मलाही बघायचं आहे.

नीलाताई

अनघा, काम दिवाळीच्या आधी लावणार ना? सगळे तेव्हाच रंगवतात.

लोखंडवाले काका

दिवाळीच्या आधी नको. सप्टेंबरअखेर पाऊस असतो आणि काळ्या मातीला टेकलेली भिंत त्यानंतरही आतून ओली राहते. घाईने रंगवलं की डिसेंबरात पापुद्रे. एकतर दिवाळी होऊन गेल्यावर, नाहीतर रंगपंचमीनंतर. मुलं गल्लीत रंग खेळतातच, आणि ताज्या फिक्या भिंतीवर पिचकारीचा जांभळा पडला की तो निघत नाही. रंगपंचमी झाली की लगेच लाव, कारण एप्रिलच्या शेवटी दुपारचा वारा सुटतो आणि ओल्या एनॅमलवर धूळ चिकटून गेट खरखरीत होतं. गेटचा हात सकाळी लवकर मारून घ्यायचा, वारा सुटायच्या आत त्याला वरून साय धरली पाहिजे.

अनघा_सुदामानगर

मग रंगपंचमीनंतर. तोवर कोटा दगडाची पट्टी आणि खाच करून घेते. काका, खाच मारणारा मिस्त्री सुदामा नगरच्या जवळपास माहीत असेल तर व्यनि करा.